उन्हाळ्यात फुगणारे लिपो पॅक आणि बॅलन्सवर अडकणारा चार्जर: कारण आणि उपाय

इंदूरमध्ये मॉडेल विमाने आणि हौशी ड्रोन उडवणाऱ्या मंडळींची एक तक्रार मे-जून महिन्यांत हमखास ऐकू येते. हिवाळ्यात उत्तम चालणारा लिपो पॅक, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, मधोमध फुगलेला दिसतो, पूर्वी तासाभरात काम आटोपणारा चार्जर शेवटच्या टप्प्यावर अडकून राहतो आणि विमान नेहमीपेक्षा बरेच लवकर उतरवावे लागते. नवा पॅक आणला की काही महिने सुरळीत जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच घडते. दोष बहुधा दुकानदाराच्या किंवा चार्जरच्या माथी मारला जातो. माझ्या मते या तक्रारींतील बहुतेकांचे मूळ पॅक ठेवण्याच्या पद्धतीत असते आणि ते शोधण्यासाठी एक साधा मल्टिमीटर व थोडा धीर पुरेसा असतो.

लोकमान्यनगरातील एका परिचित कुटुंबातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेतो, कारण त्यात ही साखळी सबंध दिसते. त्याच्याकडे ३एस, २२०० एमएएचचे चार पॅक होते, म्हणजे प्रत्येकात तीन सेल एकापाठोपाठ जोडलेले होते. दोन पॅक एका कंपनीचे आणि दोन दुसऱ्या कंपनीचे होते. त्यांपैकी तीन फुगले होते. "काका, माल डुप्लिकेट निघाला," असे त्याचे म्हणणे होते. परंतु दोन वेगळ्या कंपन्यांचे पॅक एकाच कपाटात, एकाच ऋतूत फुगत असतील, तर संशय आधी कपाटावर घ्यायला हवा. ते कपाट गच्चीलगतच्या खोलीत होते आणि त्या खोलीचा स्लॅब रात्री जेवणे उरकल्यावरही हाताला गरम लागत असे. शनिवारी रात्री चारही पॅक पूर्ण चार्ज करून ठेवायचे, रविवारी वारा सुटला किंवा परीक्षा आली की बेत रद्द करायचा आणि भरलेले पॅक पुढच्या रविवारपर्यंत, कधी त्याच्याही पुढच्या रविवारपर्यंत तसेच राहू द्यायचे, असा त्याचा शिरस्ता होता.

लिपोच्या एका सेलचा पूर्ण चार्ज म्हणजे ४.२० व्होल्ट. या अवस्थेत सेलचे धन टोक इतक्या उच्च विभवावर असते की त्याला लागून असलेला सेंद्रिय कार्बोनेटांचा द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, सावकाश विघटित होत राहतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू तयार होतात. हे विघटन वापर न करताही चालू असते, आणि तापमान वाढले की त्याचा वेग झपाट्याने वाढतो. धातूच्या कठीण डब्यातील सेलमध्ये असा थोडा वायू बाहेरून कळत नाही. लिपो मात्र ॲल्युमिनियमच्या पातळ थरयुक्त पिशवीत बंद असतो, म्हणून तो फुगतो. एकदा झालेला वायू परत द्रवात जात नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा स्लॅबखालच्या कपाटात पूर्ण भरलेला पॅक ठेवणे म्हणजे या दोन्ही कारणांना एकत्र आणणे होय. उड्डाण एकही न करता पॅक म्हातारा होतो, हे अनेकांना पटत नाही. परंतु वरील उदाहरणात सर्वांत जास्त फुगलेला पॅक सर्वांत कमी उडवलेलाच होता.

आता चार्जर का अडकतो ते पाहू. न फुगलेला चौथा पॅक काही आठवड्यांपूर्वी चार्ज करून तसाच ठेवलेला होता. त्याचे मुख्य दोन तारांवरील एकूण व्होल्टेज १२.३६ आले. पूर्ण भरलेला ३एस पॅक १२.६० दाखवतो, तेव्हा हा आकडा वरवर पाहता काळजी करण्यासारखा वाटत नाही. परंतु बॅलन्स लीडच्या, म्हणजे प्रत्येक सेलपर्यंत पोहोचणाऱ्या बारीक तारांच्या जोडणीच्या, चार पिनांवर दोन-दोन पिना धरून प्रत्येक सेल वेगळा मोजला, तेव्हा आकडे ४.१७, ४.१७ आणि ४.०२ असे निघाले. दोन सेल जवळजवळ होते तिथेच राहिले होते आणि तिसऱ्याने एकट्यानेच आपला चार्ज गमावला होता. (मोजताना एक खबरदारी घ्यावी. या पिना एकमेकींपासून जेमतेम अडीच मिलिमीटरवर असतात. प्रोबचे टोक घसरून दोन पिनांना एकदम लागले तर ठिणगी पडते, म्हणून टोकावर बारीक नळी चढवून फक्त शेवटचा भाग उघडा ठेवणे बरे.)

असा पॅक बॅलन्स लीड न लावता, `LiPo CHARGE` या साध्या पद्धतीने चार्ज केला तर काय होते, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. चार्जरला फक्त एकूण आकडा दिसतो. १२.३६ वरून १२.६० गाठायला ०.२४ व्होल्ट हवे असतात आणि ते तिन्ही सेलांवर साधारण सारखे, म्हणजे ०.०८ प्रमाणे, वाटले जातात. परिणामी सेल ४.२५, ४.२५ आणि ४.१० वर पोहोचतात. बेरीज बरोबर १२.६० भरते आणि चार्जर समाधानाने काम संपल्याचे सांगतो. प्रत्यक्षात मात्र दोन निरोगी सेल मर्यादेच्या पलीकडे भरले गेलेले असतात. म्हणजे आजारी सेलची शिक्षा चांगल्या सेलांना होते, तेही वायू सोडू लागतात आणि पुढच्या वेळी फरक आणखी वाढतो. बॅलन्सला फार वेळ लागतो म्हणून या विद्यार्थ्याने नेमकी हीच साधी पद्धत काही दिवस वापरली होती. फुगण्याचा वेग तेव्हापासून वाढला, यात नवल नाही.

बॅलन्स पद्धतीत, म्हणजे `LiPo BALANCE` निवडल्यावर, चार्जर प्रत्येक सेलवर स्वतंत्र नजर ठेवतो आणि जो सेल पुढे गेला असेल त्याची थोडी वीज आतल्या रोधकातून उष्णतेच्या रूपात सोडून देतो, जेणेकरून मागे पडलेल्याला गाठायला वेळ मिळावा. लहान चार्जरमध्ये ही सोडण्याची क्षमता सुमारे २०० ते ३०० मिलिअँपिअरच असते. वरच्या पॅकमध्ये ४.१७ आणि ४.०२ यांतील फरक अंदाजे पंधरा टक्के क्षमतेचा, म्हणजे ३३० एमएएचच्या आसपासचा आहे. २०० मिलिअँपिअरने तो भरून काढायला दीड तासाहून अधिक वेळ लागणारच. तेव्हा चार्जर अडकलेला नसतो, तो आपले काम प्रामाणिकपणे करत असतो आणि त्याला लागणारा वेळ हीच पॅकच्या प्रकृतीची खबर असते. चार्जर बदलून ती खबर बदलत नाही.

सेल मागे का पडतो, हे कसे ओळखावे

इथे थोडे थांबावे लागते, कारण एकच लक्षण तीन निरनिराळ्या कारणांनी दिसू शकते आणि उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे.

पहिले आणि सर्वांत निरुपद्रवी कारण म्हणजे बॅलन्स लीडचा सैल संपर्क. ओढून ओढून पिनेची आतली पकड ढिली होते किंवा तार टाक्याजवळ तुटत आलेली असते. चार्जरच्या पडद्यावरील सेलचा आकडा तार किंचित हलवल्यावर बदलत असेल, किंवा चार्जर ३.९५ सांगतो आणि मल्टिमीटर त्याच पिनांवर ४.०८ दाखवतो, तर दोष जोडणीत आहे, सेलमध्ये नाही. असे असताना चार्जरला खोटा आकडा मिळतो आणि तो चुकीच्या सेलला समतोल करायला जातो, म्हणून जोडणी दुरुस्त होईपर्यंत पॅक चार्ज करू नये.

दुसरे कारण म्हणजे एका सेलची क्षमता इतरांपेक्षा घटलेली असणे. अशा पॅकमध्ये चार्जिंग पूर्ण झाल्यावर तिन्ही सेल सारखे असतात आणि कपाटात ठेवूनही सारखेच राहतात. फरक उड्डाणाच्या शेवटी दिसतो. दोन सेल ३.७५ वर आणि एक ३.५५ वर, असे काहीसे उतरल्यावर मोजता येते. हा पॅक लगेच टाकून देण्याची गरज नाही, परंतु उड्डाणाची वेळ सर्वांत दुबळ्या सेलवरून ठरवावी लागते. एकूण व्होल्टेजवर भरवसा ठेवला तर दुबळा सेल हवेतच तीन व्होल्टच्या खाली जातो.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे: सेल आतल्या आत गळतो. आतील सूक्ष्म दोषामुळे त्याचा चार्ज काही न जोडताही कमी होत राहतो. बॅलन्स केल्यावर तो दर वेळी वर येतो, त्यामुळे दोष झाकला जातो आणि वापरणारा निश्चिंत होतो. हे पकडण्याची कसोटी सोपी आहे. पॅक `LiPo STORAGE` पद्धतीने सुमारे ३.८५ व्होल्ट प्रति सेलवर आणावा आणि सर्व काही काढून ठेवावे. डिस्चार्ज थांबल्यावर व्होल्टेज काही तास किंचित वर सरकते, म्हणून पहिले मोजमाप दुसऱ्या दिवशी घ्यावे आणि ते कागदाच्या पट्टीवर लिहून पॅकला चिकटवावे. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे. निरोगी सेल जवळपास जिथल्या तिथे, फार तर ०.०१ व्होल्टने खाली, सापडतात. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३ व्होल्ट किंवा अधिक उतरला असेल तर तो गळतो आहे असे समजावे. या पट्ट्यात चार्ज कमी होताना लिपोचे व्होल्टेज फारसे बदलत नसल्यामुळे एवढासा फरकही दिसतो त्याहून मोठा असतो. आपल्या उदाहरणातील चौथ्या पॅकचा तिसरा सेल या कसोटीत सपशेल नापास झाला. बाहेरून तो सुंदर, सपाट दिसत होता, तरी तोही निकाली काढावा लागला.

ही कसोटी घेताना बॅलन्स लीडवर लावायचा लहान भोंगा, म्हणजे व्होल्टेज अलार्म, काढून ठेवला आहे याची खात्री करावी. तो लावलेला राहिला की स्वतःसाठी वीज घेत राहतो आणि काही स्वस्त भोंगे ती पहिल्या एक-दोन सेलमधूनच घेतात, त्यामुळे गळतीचा आभास होतो. काही पॅक केवळ या विसरभोळेपणामुळे पूर्ण रिकामे होऊन मरतात. मॉडेलच्या पॅकमध्ये मोबाइलच्या बॅटरीसारखी आत संरक्षक पट्टी नसते. रिकामा होत असलेला पॅक स्वतःहून थांबत नाही. विमानात जोडून विसरलेल्या पॅकचीही हीच गत होते.

साठवणीची पातळी प्रत्यक्षात कशी गाठावी

उपायाचा गाभा असा की उड्डाण ठरलेले नसेल तेव्हा पॅक ३.८० ते ३.८५ व्होल्ट प्रति सेल, म्हणजे ३एससाठी सुमारे ११.४ ते ११.५५ व्होल्ट, एवढ्यावरच ठेवावा. ही पातळी साधारण अर्ध्या चार्जची आहे. ती वायू होण्याच्या दृष्टीने पुरेशी खाली असते आणि महिनोन्‌महिने पडून राहिली तरी धोकादायक तळ गाठणार नाही इतकी वरही असते. लिपोची स्वतःची गळती अल्प असते, तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा मोजून पाहावे.

अडचण येते ती भरलेला पॅक खाली आणताना. लहान चार्जरची डिस्चार्ज करण्याची ताकद बहुधा ५ वॅट असते. २२०० एमएएचच्या ३एस पॅकमधून निम्मा चार्ज काढायचा म्हणजे सुमारे १३ वॅट-तास. ५ वॅटने त्याला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. अनेक चार्जरमध्ये सुरक्षेसाठी वेळेची मर्यादा घातलेली असते आणि ती १२० मिनिटांवर असली तर काम अर्धवट असतानाच चार्जर थांबतो. सकाळी पाहणाऱ्याला पॅक साठवणीला लागला असे वाटते, प्रत्यक्षात तो अजून त्या पातळीच्या वरच असतो. म्हणून चार्जर थांबला यावर न जाता आकडा पाहावा. ६एस, ५००० एमएएचच्या पॅकला तर याच गतीने अकरा तास लागतील. तो मार्ग तिथे व्यवहार्यच नाही.

घाई असेल तर मोटारसायकलच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब ३एस पॅकसाठी चांगला भार ठरतो. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो आणि पाऊण तासाच्या आत पॅक साठवणीच्या पातळीवर येतो. बॅलन्स लीडवर भोंगा लावून तो ३.८० वर वाजेल असा ठेवावा आणि तिथून हलू नये, कारण बल्ब स्वतःहून थांबत नाही. त्याची काच चटका बसेल इतकी तापते. कोटा फरशीवर, प्लास्टिकपासून दूर, पत्र्याच्या पकडीत तो ठेवावा. ४एस पॅकचे १६.८ व्होल्ट एका बल्बला झेपत नाहीत, तेव्हा दोन बल्ब एकामागे एक जोडावेत.

याहून सोपा मार्ग म्हणजे शनिवारी रात्री चार्ज करण्याची सवयच सोडणे. पॅक साठवणीच्या पातळीवर असेल तर १सी दराने, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअरने, तो सुमारे पाऊण तासात भरतो. उन्हाळ्यात इंदूरला उडवायचे तर पहाटेच निघावे लागते. उठल्यावर पॅक लावला तर चहा-पोहे होईपर्यंत एक तयार होतो, आणि वारा आहे की नाही हे तोवर खिडकीतूनच कळते. बेत बारगळला तर त्याच संध्याकाळी पॅक खाली आणावा. काही कॅमेरा ड्रोनच्या बंदिस्त बॅटऱ्या ठरावीक दिवसांनी स्वतःच चार्ज कमी करतात आणि तेव्हा किंचित कोमट होतात. तो दोष नव्हे. ही सोय साध्या मॉडेल पॅकमध्ये नसते.

पॅक ठेवायचा तो घराच्या खालच्या मजल्यावर, भिंतीच्या सावलीच्या बाजूला. स्कूटरची डिक्की आणि उन्हात उभी असलेली मोटार या दोन जागा तर मुळीच नकोत. उडवून आणलेला किंवा उन्हातून आलेला पॅक हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावू नये. ४५ अंशांच्या वर चार्ज करणे लिपोला मानवत नाही. चार्ज करताना पॅक मॉडेलमधून काढून उघड्या फरशीवर किंवा वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत ठेवावा आणि त्या खोलीत कोणीतरी जागे असावे. पॅक ठेवण्यासाठी लोखंडी पेटी वापरायची असेल तर झाकणाचे रबर काढून टाकावे, कारण आग लागल्यास वायूला बाहेर पडायला वाट हवी. हवाबंद पेटी त्या क्षणी बॉम्ब ठरते. बाजारात मिळणाऱ्या आगरोधक पिशव्या ज्वाळा काही अंशी आवरतात, धूर नाही, आणि तो धूर विषारी असतो.

फुगलेल्या पॅकचे काय करावे

उड्डाणानंतर गरम पॅक किंचित मऊ लागतो आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतो, त्याची चिंता नको. थंड पॅक काचेवर ठेवून हलकेच बोट लावल्यावर डुलत असेल, तर तो कायमचा फुगला आहे आणि त्याला पुन्हा चार्ज करू नये. नवा पॅक आणल्यावर त्याची जाडी व्हर्नियरने मोजून लेबलवर लिहिलेली असली की हा निर्णय वादातीत होतो. सुईने टोचून वायू काढण्याचा सल्ला अजूनही कोणी कोणी देतो. पिशवीला छिद्र पडले की दमट हवा आत जाते, तेथील लिथियमच्या क्षाराशी तिचा संयोग होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते, आणि भरलेला पॅक असेल तर तो पेटण्याचीही शक्यता असते. ज्याचा एखादा सेल अडीच व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिला आहे, त्या पॅकचीही गणना फुगलेल्यांतच करावी. आतले तांबे विरघळून पुन्हा चार्ज करताना नको तिथे साचते आणि शॉर्ट होतो. चार्जर अशा पॅकला नकार देतो, तेव्हा निकेल बॅटरीची पद्धत निवडून त्याला 'जागे' करण्याचा प्रकार टाळावा.

टाकण्यापूर्वी पॅक पूर्ण रिकामा करावा लागतो. फार फुगलेला नसेल तर मोकळ्या अंगणात, फरशीवर, तोच बल्ब जोडून त्याला शून्याच्या जवळ येऊ द्यावे आणि पुढे दिवसभर बल्ब तसाच राहू द्यावा. मिठाच्या पाण्यात बुडवण्याची रीत सर्रास सांगितली जाते, पण त्यात बाहेरच्या पट्ट्या गंजून तुटतात आणि सेल आतून भरलेलाच राहू शकतो, म्हणून मी ती वापरत नाही. खूप फुगलेला, चिरलेला किंवा गोडसर वास येणारा पॅक बल्बलाही जोडू नये; तो वाळूच्या कुंडीत, घराबाहेर, पावसापासून आडोशाला ठेवून लवकरात लवकर ई-कचऱ्यात द्यावा.

इंदूरमध्ये घरोघरी येणाऱ्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. त्यात पॅक नुसता टाकून न देता प्रत्येक टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी, वर 'लिथियम बॅटरी' असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि गाडीवरच्या माणसाच्या हातात देऊन त्याला तोंडानेही सांगावे, कारण दाबल्या जाणाऱ्या कचऱ्यात गेलेला पॅक गाडीतच पेटू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ज्या विक्रेत्याकडून पॅक घेतला त्याला परत घेण्याबद्दल विचारण्यातही संकोच नसावा.